पहिला स्लायसर: क्युरा की प्रुसास्लायसर?

थ्री-डी प्रिंटरला वस्तूचा आकार कळत नाही. त्याला फक्त आज्ञा कळतात: नोझल इतके तापव, या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, जाताना इतके मिलिमीटर फिलामेंट पुढे ढकल. संगणकावरच्या त्रिमितीय आकृतीचे आडवे पातळ थर पाडून त्यांतून अशा आज्ञांची यादी तयार करणारा प्रोग्राम म्हणजे स्लायसर. या यादीला जी-कोड म्हणतात. छपाई चांगली झाली की वाईट, याचा मोठा भाग प्रिंटर चालू होण्याआधीच स्लायसरमध्ये ठरून गेलेला असतो. त्यामुळे नवा प्रिंटर घरी आल्यावर पहिला खरा प्रश्न उभा राहतो तो कोणता स्लायसर घ्यायचा हाच. बहुतेकांच्या बाबतीत हा प्रश्न क्युरा आणि प्रुसास्लायसर या दोन नावांपाशी येऊन थांबतो.

दोन्ही प्रोग्राम मोफत आहेत, दोघांचाही मूळ कोड खुला आहे आणि दोन्ही विंडोज, मॅक व लिनक्सवर चालतात. क्युरा डेव्हिड ब्राम यांनी सुरू केला आणि नेदरलँड्सच्या अल्टिमेकर कंपनीने तो वाढवला. प्रुसास्लायसरचे मूळ अलेस्सांद्रो रानेल्लुची यांनी २०११ साली सुरू केलेल्या स्लिक्स्थ्रीआर या प्रोग्राममध्ये आहे. प्राग येथील प्रुसा रिसर्च कंपनीने त्यावर आपली आवृत्ती उभी केली आणि २०१९ पासून ती प्रुसास्लायसर या नावाने ओळखली जाऊ लागली. दोघांमध्ये देवाणघेवाणही चालते. भिंतीच्या रेषेची रुंदी जागेनुसार कमी-जास्त करणारी ‘अराक्नी’ ही पद्धत २०२२ मध्ये क्युराच्या ५.० आवृत्तीत आली आणि त्याच वर्षी प्रुसास्लायसरनेही ती उचलली. अमुक प्रोग्राम भिंती सुबक काढतो आणि तमुक काढत नाही, ही जुनी तुलना त्यामुळे आता फारशी कामाची नाही. फरक उरतो तो नवख्या माणसाला काय दिसते, तयार प्रोफाइल किती भरवशाचे असते आणि अडल्यावर मिळणारा सल्ला कितपत लागू पडतो, यात.

हा फरक एका ठरावीक प्रिंटरवर पाहिला तर लवकर कळतो. क्रिएलिटी कंपनीचा एंडर-३ त्यासाठी योग्य आहे. तो स्वस्त आहे, जगभर पसरलेला आहे आणि दोन्ही स्लायसर बनवणाऱ्या कंपन्यांपैकी कोणाचाही नाही, म्हणून तुलना एका बाजूला झुकत नाही. त्याची छपाईची जागा २२० × २२० × २५० मिलिमीटर, नोझल ०.४ मिलिमीटरचे आणि फिलामेंट १.७५ मिलिमीटर जाडीचे. छापायची वस्तू म्हणून बेंची ही छोटी होडी घेऊ. स्वीडनच्या क्रिएटिव्ह टूल्स कंपनीने ती २०१५ मध्ये खास प्रिंटरच्या चाचणीसाठी काढली. ती ६० मिलिमीटर लांब आणि ४८ मिलिमीटर उंच आहे, आणि कोणताही आधार न लावता छापली जावी अशीच तिची रचना आहे.

क्युरा पहिल्यांदा उघडल्यावर प्रिंटर निवडायला सांगतो. इतर कंपन्यांच्या यादीत क्रिएलिटी आणि त्याखाली एंडर-३ सापडतो. निवड झाली की उजवीकडे Recommended नावाची छोटी चौकट दिसते. त्यात थराची जाडी, आतली भरण किती टक्के, आधार हवा की नको आणि बेडला चिकटण्यासाठी कडेची पट्टी हवी की नको, असे मोजकेच प्रश्न असतात. एंडर-३ साठी ०.१२ पासून ०.२८ मिलिमीटरपर्यंतच्या थरांचे दर्जे तयार मिळतात. ०.२ चा Standard Quality निवडून Slice दाबले की काम झाले. होडी अजून बेडवर ठेवलेली असतानाच, जिथे उतार फार आहे तो खालचा भाग क्युरा लाल रंगात दाखवतो. आधार कुठे लागेल याचा अंदाज नवख्याला येण्यासाठी ही सोय फार चांगली आहे.

प्रुसास्लायसरची सुरुवात थोडी लांबते. पहिल्याच वेळी येणाऱ्या मांडणीच्या पानांवर इतर उत्पादकांच्या यादीत क्रिएलिटीवर खूण करावी लागते, मग एंडर-३ आणि नोझलचा आकार निवडावा लागतो, मग कोणती फिलामेंट्स यादीत हवीत ते सांगावे लागते. पाच मिनिटे जातात, पण त्या पाच मिनिटांत या प्रोग्रामची सगळी मांडणी हाताखालून जाते. पुढे मुख्य पडद्यावर छपाई, फिलामेंट आणि प्रिंटर अशा तीन वेगळ्या निवडी कायम दिसत राहतात, आणि त्यांच्या खाली आधार, भरण आणि कडेची पट्टी. म्हणजे रोजच्या वापरात विचारले जाणारे प्रश्न दोन्हीकडे जवळजवळ सारखेच. क्युरा सोपा आणि प्रुसास्लायसर अवघड हा समज पहिल्या दहा मिनिटांपुरता खरा असतो.

खरी परीक्षा होते ती नवखा माणूस त्या छोट्या चौकटीबाहेर पाऊल टाकतो तेव्हा. क्युरामध्ये Custom दाबले की सेटिंग्जची मोठी यादी उघडते. एकूण संख्या ४०० च्या वर आहे. त्यांपैकी किती दिसावीत हे Basic, Advanced, Expert आणि All अशा पायऱ्यांनी ठरवता येते. प्रुसास्लायसरमध्येही Simple, Advanced आणि Expert अशा तीन पायऱ्या आहेत आणि कोणती सेटिंग कोणत्या पायरीची आहे हे रंगाच्या खुणेवरून कळते. इथवर दोघे सारखे. वेगळेपण आहे ते या आकड्यांच्या आपसातल्या नात्यात.

क्युरातले बरेच आकडे स्वतंत्र नसतात, ते दुसऱ्या आकड्यावरून सूत्राने निघतात. उदाहरणार्थ, छपाईचा वेग हा एक आकडा आहे, आणि क्युराच्या मूळ व्याख्येत भिंतीचा वेग त्याच्या निम्मा धरलेला आहे:

```
speed_wall = speed_print / 2
```

सेकंदाला ६० मिलिमीटर वेग लिहिणाऱ्याला वाटते की सगळी होडी त्याच वेगाने छापली जाणार. प्रत्यक्षात या सूत्राप्रमाणे भिंती ३० ने निघतात आणि आतली भरण ६० ने. सूत्रामुळे नवख्याचे रक्षण होते, कारण एक आकडा बदलला की त्याच्याशी निगडित सगळे आकडे बरोबर सरकतात. पण भिंतीच्या वेगात हाताने आकडा भरला की सूत्र तुटते. मग मुख्य वेग कितीही बदलला तरी भिंतीचा वेग जागचा हलत नाही. अशा ठिकाणी क्युरा fx अशी छोटी खूण दाखवतो आणि ती दाबली की सूत्र परत जोडले जाते. ही खूण ओळखता येणे ही क्युरा शिकण्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि ‘मी वेग कमी केला तरी छपाई तशीच येते’ या तक्रारीचे कारण पुष्कळदा तिथेच सापडते.

प्रुसास्लायसरमध्ये वेगांच्या पानावर भिंतीचा, बाहेरच्या भिंतीचा, भरणीचा, पुलाचा असे वेग एकाखाली एक लिहिलेले असतात. काही ठिकाणी टक्केवारी चालते, पण एकंदरीत जे दिसते तेच होते. एक आकडा बदलल्याने दुसरीकडे काय हलले हे शोधत बसावे लागत नाही. बदललेली किंमत वेगळ्या रंगात दिसते, शेजारी परत फिरवणारा बाण येतो, आणि मूळ प्रोफाइल कुलपाच्या खुणेने सुरक्षित असते. दोन प्रोफाइल शेजारी ठेवून त्यांच्यातला फरक दाखवणारी खिडकीही आहे. आपण नक्की काय बदलले हे विसरण्याचा रोग सगळ्याच नवख्यांना असतो, आणि त्यावर प्रुसास्लायसरचा उपाय अधिक पक्का आहे.

आता प्रोफाइलच्या दर्जाकडे. प्रोफाइल म्हणजे एका ठरावीक प्रिंटरसाठी, ठरावीक फिलामेंटसाठी आणि ठरावीक थरासाठी आधीच भरून ठेवलेले सगळे आकडे. ‘कोणत्या स्लायसरची प्रोफाइल्स चांगली’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो, पण तो नीट मांडलेला नाही. प्रुसाच्या प्रिंटरची प्रोफाइल्स प्रुसा कंपनी स्वतःच्याच यंत्रांवर छापून पारखते, म्हणून प्रुसास्लायसरमध्ये ती उत्तम असतात. अल्टिमेकरच्या प्रिंटरची क्युरातली प्रोफाइल्स त्याच कारणाने उत्तम असतात. एंडर-३ सारख्या तिसऱ्याच कंपनीच्या प्रिंटरचे प्रोफाइल मात्र दोन्हीकडे त्या उत्पादकाने किंवा एखाद्या हौशी वापरकर्त्याने पाठवलेले असते आणि इतरांच्या वापरातून सुधारत गेलेले असते. जो प्रिंटर जास्त लोकांकडे आहे त्याचे प्रोफाइल चांगले, आणि जो थोड्यांकडे आहे त्याचे कच्चे, हा नियम दोन्हीकडे लागू पडतो. क्युराच्या यादीतले उत्पादक जास्त आहेत, म्हणून कमी परिचित प्रिंटर तिथे सापडण्याची शक्यता अधिक. पण यादीत नाव असणे आणि प्रोफाइल पारखलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

प्रोफाइल भरवशाचे आहे का, हे पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. तीन गोष्टी उघडून पाहाव्यात. पहिली म्हणजे बेडचे माप. प्रुसाच्या एमके३ चा बेड २५० × २१० मिलिमीटरचा आहे. त्याच्या प्रोफाइलने तयार केलेली फाइल एंडर-३ वर चालवली तर मध्यबिंदू सरकतो आणि मोठी वस्तू असेल तर डोके बेडच्या बाहेर जाऊन अडते. शिवाय छपाईच्या सुरुवातीच्या आज्ञा त्या यंत्रासाठीच लिहिलेल्या असतात. दुसऱ्या प्रिंटरचे प्रोफाइल ‘जवळपास सारखेच आहे’ म्हणून वापरणे म्हणूनच टाळावे.

दुसरी गोष्ट फिलामेंटची जाडी. अल्टिमेकरच्या एस मालिकेतील प्रिंटर २.८५ मिलिमीटर जाडीचे फिलामेंट वापरतात आणि क्युराच्या मूळ व्याख्येत तोच आकडा आहे. एंडर-३ चे तयार प्रोफाइल निवडले तर तो आपोआप १.७५ होतो. पण ज्याला आपला प्रिंटर यादीत सापडत नाही आणि जो सगळे स्वतः भरतो, त्याच्याकडून हा रकाना तसाच राहू शकतो. मग काय होते? ०.४ मिलिमीटर रुंद, ०.२ मिलिमीटर जाड आणि १०० मिलिमीटर लांब रेषेला ८ घन मिलिमीटर प्लास्टिक लागते. १.७५ च्या फिलामेंटमधून ते मिळवायला सुमारे ३.३ मिलिमीटर लांबी ढकलावी लागते. प्रोग्राम फिलामेंट २.८५ चे समजत असेल तर तो फक्त १.२५ मिलिमीटरच ढकलायला सांगतो. म्हणजे लागणाऱ्या प्लास्टिकच्या सुमारे ३८ टक्केच बाहेर येते. थर एकमेकांना धरत नाहीत, भिंत जाळीसारखी दिसते आणि बोटाने चुरगळते. असे दिसल्यावर नोझल तुंबले असे समजून लोक ते खोलून बसतात. आधी हा एक रकाना पाहावा.

तिसरी गोष्ट रिट्रॅक्शन. नोझल रिकाम्या जागेतून जाताना प्लास्टिक गळू नये म्हणून फिलामेंट थोडे मागे ओढले जाते, ती लांबी. एंडर-३ मध्ये फिलामेंट ढकलणारी मोटर चौकटीवर आहे आणि ती लांब नळीतून नोझलपर्यंत फिलामेंट पोहोचवते. अशा यंत्रात सुमारे ५ मिलिमीटर मागे ओढावे लागते. एमके३ मध्ये मोटर थेट डोक्यावर आहे आणि तिथे ०.८ मिलिमीटर पुरते. एका प्रकारच्या यंत्राचा आकडा दुसऱ्यात घातला तर एकीकडे होडीच्या केबिनच्या खांबांमध्ये केसासारखे धागे लोंबतात, आणि दुसरीकडे फिलामेंट इतके मागे जाते की नोझलच अडते. धागे दिसले म्हणून लगेच स्लायसरला दोष देऊ नये हेही तितकेच खरे. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघडे राहिलेले फिलामेंट ओलावा शोषते, नोझलमध्ये त्या पाण्याची वाफ होते, बारीक चटचट आवाज येतो आणि रिट्रॅक्शन कितीही वाढवले तरी धागे जात नाहीत. तिथे फिलामेंट वाळवणे हाच उपाय.

हे आकडे तयार फाइलमध्ये तपासण्याची एक सोय प्रुसास्लायसरमध्ये विशेष चांगली आहे. जी-कोडच्या शेवटी तो वापरलेली सगळी सेटिंग्ज वाचता येतील अशा रूपात लिहून ठेवतो. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये फाइल उघडली की अशा ओळी सापडतात:

```
; filament_diameter = 1.75
; layer_height = 0.2
; retract_length = 5
```

महिन्यापूर्वी उत्तम छापलेल्या वस्तूची फाइल जपून ठेवली असेल तर तिच्यातूनच सगळी सेटिंग्ज परत प्रोग्राममध्ये भरता येतात. क्युराही बदललेल्या किमती फाइलच्या शेवटी नोंदवतो आणि प्रोफाइल आयात करताना त्या वाचतो, पण त्या ओळी माणसाने वाचाव्यात अशा नसतात.

आता मार्गदर्शनाचा मुद्दा. एंडर-३ वापरणाऱ्यांची पहिली पिढी मुख्यतः क्युरावर वाढली. त्यामुळे त्या प्रिंटरविषयीचे व्हिडिओ आणि सल्ले यांतला मोठा वाटा क्युराच्या भाषेत आहे. अडचण आली आणि शोध घेतला तर उत्तर मिळतेच. त्रास असा की ते उत्तर बहुधा कोणत्या आवृत्तीसाठी होते हे लिहिलेले नसते. अराक्नी आल्यापासून पातळ भिंतींविषयीचे कितीतरी जुने सल्ले कालबाह्य झाले आहेत. क्युरातच बसवता येणारी Settings Guide ही जोड मात्र खरोखर मोलाची आहे. क्युराच्याच एका विकसकाने ती तयार केली असून प्रत्येक सेटिंग वाढवली तर काय होते आणि कमी केली तर काय, हे चित्रांसह समजावले आहे. क्युरा घेणाऱ्याने ती पहिल्याच दिवशी बसवावी.

प्रुसाची बाजू वेगळी आहे. कंपनीने स्वतः लिहिलेली मदतपाने आहेत. दोषाचे छायाचित्र, त्याची कारणे आणि प्रुसास्लायसरमध्ये नेमके काय बदलायचे, असा त्यांचा क्रम असतो. एकाच ठिकाणचे आणि जबाबदारीने लिहिलेले मार्गदर्शन म्हणून ते उजवे ठरते. त्याची मर्यादा ही की उदाहरणांतले आकडे प्रुसाच्या यंत्रांचे असतात. एमके३ साठी साध्या पीएलएचे तापमान पहिल्या थराला २१५ आणि पुढे २१० अंश सेल्सिअस धरले आहे. एंडर-३ वर पीएलए बहुधा २०० अंशांच्या आसपास नीट निघते. कारण समजून घ्यावे, आकडा मात्र आपल्या प्रिंटरच्या प्रोफाइलचा आणि फिलामेंटच्या रिळावर छापलेल्या मर्यादेतला ठेवावा.

शब्दांचा घोळही लक्षात ठेवावा लागतो. क्युरा ज्याला Wall म्हणतो त्याला प्रुसास्लायसर Perimeter म्हणतो. पहिला थर दाबला जाऊन बाहेर पसरतो, तो कमी करणारी सेटिंग प्रुसास्लायसरमध्ये Elephant foot compensation आहे. क्युरामध्ये तेच काम Initial Layer Horizontal Expansion करते आणि तिथे आकडा उणे लिहावा लागतो. एका प्रोग्रामचा सल्ला दुसऱ्यात जसाच्या तसा भरण्यातून बऱ्याच छपाया बिघडतात. पहिले एक रीळ संपेपर्यंत एकच स्लायसर वापरावा, याचे खरे कारण हेच.

बेंचीकडे परत येऊ. दोन्ही प्रोग्राममध्ये ०.२ चा थर निवडून, आधार बंद ठेवून स्लाइस केले की प्रिव्ह्यू पाहावा. उंची ४८ मिलिमीटर, म्हणून थर २४० च्या आसपास असायला हवेत. उजवीकडचा सरकता दांडा खाली आणून पहिला थर पाहावा: होडीचा तळ सलग भरलेला आहे का, आणि तिच्याभोवती सुरुवातीची मोकळी रेषा आहे का. मग दांडा केबिनपर्यंत वर न्यावा. आधार चुकून चालू राहिला असेल तर केबिनच्या आत वेगळ्या रंगाचे उभे खांब दिसतात. छपाईनंतर ते काढताना होडीचे खांब तुटतात. प्रुसास्लायसर रंगांच्या सूचीत प्रत्येक प्रकारच्या रेषेला किती वेळ लागेल हेही लिहितो आणि बाहेर लोंबणाऱ्या भिंती वेगळ्या रंगात दाखवतो, त्यामुळे वेळ कुठे जातो आणि धोका कुठे आहे ते तिथे जास्त लवकर समजते. फाइल तयार होण्याआधीचा इशारा क्युराच्या लाल रंगात चांगला मिळतो, तयार झाल्यानंतरची तपासणी प्रुसास्लायसरमध्ये चांगली होते.

अशा रीतीने पाहता निवड फार कठीण राहत नाही. प्रुसाचा प्रिंटर असेल तर प्रुसास्लायसर, आणि अल्टिमेकरचा असेल तर क्युरा, यात विचार करण्यासारखे काही नाही. प्रिंटर कमी परिचित असेल आणि त्याचे प्रोफाइल फक्त क्युरात असेल तर क्युरा घ्यावा, कारण अपुरे तयार प्रोफाइलही कोऱ्या रकान्यांपेक्षा बरे असते. शाळेत किंवा कार्यशाळेत अनेक जण एकच यंत्र वापरणार असतील आणि कोणी सेटिंग्जमध्ये शिरणार नसेल, तर क्युराची छोटी चौकट पुरेशी आहे. एंडर-३ सारखे सर्वपरिचित यंत्र असेल आणि वापरणाऱ्याला आपण काय बदलतो आहोत हे समजून शिकायचे असेल, तर मात्र प्रुसास्लायसर अधिक योग्य. आणखी एक व्यवहारी कारण त्याच्या बाजूने आहे: बांबू स्टुडिओ हा प्रुसास्लायसरवरून निघाला आणि ऑर्कास्लायसर बांबू स्टुडिओवरून. प्रिंटर पुढे बदलला तरी प्रुसास्लायसरमध्ये शिकलेली प्रोफाइलची मांडणी आणि बरेचसे शब्द या दोन्हींमध्ये तसेच कामी येतात.